‘फुकट’ शर्टाची किंमत किती?

‘एकावर एक फ्री’मध्ये दुसरी वस्तू खरोखर फुकट नसते. समजा, १२०० रुपयांचा शर्ट घेतला आणि त्यावर ८०० रुपयांचा टी-शर्ट मोफत मिळाला. दुकानदाराने बिलावर शर्टापुढे १२०० आणि टी-शर्टापुढे शून्य लिहिलं, तर पंचाईत परतीच्या वेळी होते. गिऱ्हाईक शर्ट परत करून पूर्ण पैसे मागतं आणि टी-शर्ट घरीच ठेवतं! उलट टी-शर्ट उसवलेला निघाला, तर बिलाप्रमाणे त्याचे पैसे शून्यच.

म्हणून अनेक दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर मिळालेले १२०० रुपये दोन्ही वस्तूंवर वाटून टाकतं. मूळ किमतींचं प्रमाण ३ : २, त्यामुळे शर्टाच्या वाट्याला ७२० आणि टी-शर्टाच्या वाट्याला ४८० रुपये येतात. दोन्हींवर सूट सारखीच, ४० टक्के. आता शर्ट परत केला तर ७२० रुपयेच मिळतील. कोणत्या मालावर किती नफा सुटला, हेही दुकानदाराला नीट कळतं.

जीएसटीची भूमिकाही याला जुळणारी आहे. मार्च २०१९च्या केंद्रीय परिपत्रकानुसार अशी योजना म्हणजे एका किमतीत दोन वस्तूंची विक्री. त्यामुळे ‘फुकट’ वस्तूच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही व्यापाऱ्याला मिळते. मात्र दोन वस्तूंचे करदर वेगळे असतील, तर कर लावताना ही वाटणी चालेलच असं नाही. कायद्याने तो ‘मिश्र पुरवठा’ ठरला, तर जास्तीचा दर सगळ्या रकमेवर लागतो.

बिल हातात आलं की दोन्ही ओळी पाहा. परतीचा हिशेब तिथेच ठरलेला असतो.