उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही

एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन दिलेल्या मुलांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. येणारे प्रश्न आधी उरकायचे, अडलेले ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ करून ठेवायचे आणि शेवटी त्यांच्याकडे वळायचं. यांच्यापैकीच काहीजण पुढे एमबीएसाठी जीमॅटला बसतात, तेव्हा ही सवय पहिल्याच अवघड प्रश्नाला अडते. तिथे पर्याय निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, कारण पुढचा प्रश्न कोणता द्यायचा हे अजून ठरलेलंच नसतं.

सीईटीचा पेपर संगणकावर असला तरी आधीच तयार असतो. जीमॅटचा पेपर तुमच्या उत्तरांतून घडत जातो. प्रश्नसंचातल्या प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच्या परीक्षार्थींच्या उत्तरांवरून मोजून ठेवलेली असते. प्रत्येक उत्तरानंतर संगणक तुमच्या क्षमतेचा अंदाज दुरुस्त करतो आणि त्या अंदाजाच्या जवळपासचा प्रश्न शोधतो. जवळपासचाच का? जो प्रश्न तुम्हाला हमखास येणार किंवा हमखास चुकणार, त्याच्या उत्तरातून नवं काहीच कळत नाही. बरोबर येण्याची आणि चुकण्याची शक्यता साधारण सारखी असेल, तेव्हाच उत्तर सर्वाधिक बोलतं.

एका साध्या गणिती नमुन्यावर हे पाहू. समजा, सरासरी परीक्षार्थीची क्षमता ० धरली आणि तुमची सुरुवातही तिथूनच झाली. पहिला प्रश्न मध्यम, तो बरोबर आला की अंदाज साधारण ०.४ वर जातो. मग ०.४ च्या काठिण्याचा प्रश्न येतो. तो चुकला की अंदाज पुन्हा ० च्या आसपास उतरतो. पुढे पावलं लहान होत जातात. विसाव्या प्रश्नापर्यंत तुमच्याबद्दलची माहिती इतकी साठलेली असते की एका उत्तराने अंदाज जेमतेम ०.१ ने हलतो. म्हणूनच सुरुवातीला निष्काळजीपणे झालेली एखादी चूक पेपर बुडवत नाही. त्यानंतर थोडे सोपे प्रश्न येतात, ते बरोबर आले की अंदाज पुन्हा वर चढतो. पहिल्या काही प्रश्नांवरच सगळा खेळ असतो, हा समज म्हणूनच घातक वाटतो. त्या समजापायी मुलं सुरुवातीलाच वेळ घालवतात, शेवटचे प्रश्न कोरे राहतात आणि कोऱ्या प्रश्नांचा फटका गुणांना बसतो.

मग मागे जाऊन उत्तर बदलण्याचं काय? जीमॅटमध्ये अनेक वर्षं ही सोय नव्हती, आणि त्यामागे खरी भीती होती. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी १९९३ मध्ये एक पळवाट दाखवली होती. मुद्दाम चुका करत जायचं, म्हणजे संगणक सोपे प्रश्न देत राहील, आणि शेवटी परत जाऊन ते सगळे बरोबर करायचे! सगळीच उत्तरं बरोबर आली, तर क्षमता नेमकी किती वर आहे हे सांगायला संगणकापाशी काहीच उरत नाही आणि अंदाज उगाच फुगू शकतो.

२०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटने यातून मधला मार्ग काढला. प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं. गणिताच्या विभागात २१ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून किंचित जास्त. हवे तितके प्रश्न बुकमार्क करता येतात. विभागातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली आणि वेळ उरला, तरच ते पुन्हा पाहता येतात. मात्र बदलता येतात फक्त तीन उत्तरं. तेवढ्यात वेनर यांची युक्ती साधत नाही, पण घाईत चुकीचा पर्याय दाबला गेला असेल तर तो सुधारता येतो. बदललेल्या उत्तराने गुण बदलतात, पण त्यानंतर आलेले प्रश्न आता बदलत नाहीत.

त्यामुळे इथे ‘सोडून देणं’ म्हणजे अशक्य पर्याय बाजूला काढून उरलेल्यांतला एक निवडणं, बुकमार्क करणं आणि पुढे सरकणं. अडीच मिनिटांत वाट दिसली नाही तर हेच करावं. आणि समोरचा प्रश्न सोपा वाटला म्हणून मागचा चुकला, असं मात्र समजू नये. प्रश्न निवडताना विषयांचा समतोल राखावा लागतो, एकच प्रश्न फार जणांना जाऊ नये हेही पाहावं लागतं. शिवाय काही प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरले जात नाहीत.

परदेशात एमएस करायला निघालेल्यांची जीआरई मात्र वेगळी वागते. तिथे प्रश्नागणिक नव्हे, तर विभागागणिक पातळी ठरते. गणिताच्या पहिल्या विभागात १२ प्रश्न आणि २१ मिनिटं. त्यातली कामगिरी पाहून १५ प्रश्नांच्या दुसऱ्या विभागाची पातळी निवडली जाते. विभागाच्या आत सीईटीची सवय चालते: प्रश्न सोडा, खूण करा, परत या, हवी तितकी उत्तरं बदला. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे कोरं काही ठेवू नये. पहिला विभाग संपला की मात्र त्याचं दार बंद होतं. म्हणून परत फिरायचे प्रश्न त्या २१ मिनिटांतच संपवायला हवेत.