टाकीतले डिझेल जाते कुठे?

ट्रकच्या ताफ्यावर लांबून नजर ठेवण्याच्या व्यवस्थेला टेलिमॅटिक्स म्हणतात. तिचा गाभा म्हणजे केबिनमध्ये डॅशबोर्डमागे बसवलेली एक छोटी डबी. ती जीपीएसवरून गाडीची जागा आणि वेग टिपते, इग्निशन चालू आहे की बंद ते पाहते आणि ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात पाठवते. गाडी कुठे आहे हे एवढ्यावरून कळते. डिझेल किती उरले आहे हे कळण्यासाठी टाकीत वेगळा सेन्सर बसवावा लागतो, आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते.

हा सेन्सर बहुधा एकात एक बसवलेल्या दोन धातूच्या नळ्यांचा असतो. टाकीला वरून भोक पाडून तो तळाजवळ पोचेल असा उभा सोडतात. नळ्यांमधल्या फटीत डिझेल जितके वर चढलेले असेल, तितकी त्यांची विद्युतधारिता वाढते. म्हणजे सेन्सर मोजतो ती पातळीची उंची. लिटर तो मोजत नाही. उंचीचे लिटर करण्यासाठी टाकी रिकामी करून तिच्यात वीस-वीस लिटर डिझेल ओततात आणि दर वेळी सेन्सरचा आकडा टिपून तक्ता बनवतात. टाकीचे कोपरे गोलसर असल्याने तळाच्या एका सेंटिमीटरमध्ये मावणारे डिझेल मधल्या एका सेंटिमीटरपेक्षा कमी असते, म्हणून हा तक्ता सरळ गुणाकाराने बनत नाही. हे काम अर्ध्या दिवसाचे आणि कंटाळवाणे असते. घाईत दुसऱ्या गाडीचा तक्ता चिकटवला, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात.

तक्ता बरोबर असला तरी पडद्यावर दिसणारी प्रत्येक घट चोरी नसते. समजा, टाकी ४०० लिटरची, ६० सेंटिमीटर उंच आणि सुमारे ११० सेंटिमीटर लांब आहे. तिच्यात एक सेंटिमीटर उंचीला साडेसहा लिटरच्या आसपास डिझेल बसते. सेन्सर टाकीच्या एका टोकाजवळ असेल आणि गाडी वीस मीटरला एक मीटर अशा चढावर उभी राहिली, तर त्या टोकाची पातळी अडीच सेंटिमीटर खाली जाते. एक थेंबही न सांडता सोळा लिटर गायब झाल्यासारखे दिसते. सेन्सर टाकीच्या मधोमध बसवला की ही चूक जवळजवळ नाहीशी होते. थंडीचाही परिणाम होतो. दुपारी तापलेले ३०० लिटर डिझेल पहाटेपर्यंत वीस अंशांनी निवले, तर आकुंचन पावून सुमारे पाच लिटरने कमी भरते. ही घट मात्र रात्रभर हळूहळू होते, आणि तिची ओळखही तीच. गाडी धावताना डिझेल हिंदकळते, त्यामुळे काही मिनिटांची सरासरी काढल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

आता एक नमुन्यादाखल रचलेली ट्रिप पाहू. भिवंडीहून जुन्या महामार्गाने नाशिक, धुळे, जळगाव, अकोला करत नागपूरला जाणारा भरलेला ट्रक आहे. अंतर सुमारे ८१० किलोमीटर, निघताना टाकीत ३८० लिटर. मलकापूरच्या पुढे एका ढाब्यावर रात्री १.१० ला इंजिन बंद झाले, तेव्हा आकडा २६२ होता. १.३२ पर्यंत तो हलला नाही. नंतर बारा मिनिटांत २२४ वर आला आणि तिथेच थांबला. पहाटे ४.५० ला गाडी निघाली आणि सपाट रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावरही सरासरी २२३ च होती. निर्णायक खूण हीच. चढावामुळे झालेली घट गाडी सपाटीवर आली की भरून निघते, चोरलेले डिझेल परत येत नाही. बारा मिनिटांत ३८ लिटर म्हणजे मिनिटाला साधारण तीन लिटर, हा पाइप टाकून डिझेल ओढण्याचाच वेग आहे. डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर सव्वा तीन हजारांवर रकमेचा माल गेला.

सेन्सर नसता तर मालकाला एवढेच दिसले असते की गाडीने ३.९ ऐवजी ३.३ चा अ‍ॅव्हरेज दिला. मग लोड, टायर, घाट आणि वारा यांवर वाद झाला असता. शिवाय या नोंदीवरून डिझेल कोणी काढले हे कळत नाही. चालक झोपलेला असताना टाकी फोडणाऱ्या टोळ्याही असतात.

हळू होणारी चोरी पकडणे अवघड असते. डिझेल इंजिनाकडे जळते त्याहून जास्त इंधन जाते आणि उरलेले रिटर्न पाइपने टाकीत परतते. त्या पाइपला जोड देऊन डिझेल कॅनमध्ये वळवले, तर आलेखात पायरी दिसत नाही, नुसता उतार थोडा तिरका होतो. इथे इंजिनाचा स्वतःचा संगणक उपयोगी पडतो. नव्या गाड्यांत इंजेक्टरने किती इंधन सोडले याचा हिशेब त्याच्याकडे असतो. टाकीतून ९० लिटर गेले आणि इंजिनाने ७८ च जाळले, तर मधल्या बारा लिटरची चौकशी होऊ शकते. पंपावरही अशीच तुलना करतात, बिलावरचे लिटर आणि टाकीतली वाढ यांची. त्यासाठी इंजिन बंद ठेवून दहा मिनिटे पातळी स्थिरावू द्यावी लागते.

उभ्या गाडीचे इंजिन चालू राहणे, म्हणजे आयडलिंग, ही चोरी नसून उधळपट्टी आहे. जड ट्रक असा तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल जाळतो. स्वस्त डब्या फक्त चावी पाहतात, त्यामुळे गाणी ऐकण्यासाठी चावी फिरवलेली असली तरी आयडलिंगची नोंद होते. खरे-खोटे बॅटरीच्या व्होल्टेजवरून कळते. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना ते २५ च्या आसपास, तर चालू असताना २७-२८ असते. बरेचसे आयडलिंग गोदामाच्या फाटकावर रांगेत होते आणि त्याचा दोष चालकाच्या खात्यावर पडतो. आता नव्याने तयार होणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली आहे. विदर्भातल्या मे महिन्यात अशा केबिनमध्ये झोपलेल्या चालकाला दंड लावणारा अहवाल शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

मार्ग सोडल्याची सूचना देण्यासाठी नकाशावर ठरलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा आखतात. तो पट्टा फार अरुंद ठेवला तर प्रत्येक डायव्हर्जनला घंटा वाजते आणि काही दिवसांत तिच्याकडे कोणी पाहत नाही. निव्वळ फाटा घेतल्यापेक्षा फाटा, थांबा आणि टाकीतली घट एकाच वेळी आली, तर ती नोंद आधी उघडावी. डबीची वायर काढल्याची सूचनाही तितकीच महत्त्वाची, म्हणून डबीत स्वतःची बॅटरी असावी लागते.

या सेन्सरची अचूकता चांगल्या बसवणीतही एक-दोन टक्क्यांची असते. ४०० लिटरच्या टाकीत ती चार ते आठ लिटर होते. त्यामुळे पाच लिटरच्या घटीवरून चालकाचा पगार कापणाऱ्या मालकाकडे पुरावा नसतो.