आधी लहान कर्ज की आधी महाग कर्ज?

मुळशी तालुक्यात एकाच घरात तीन-चार प्रकारची कर्जं असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आईचं बचत गटातलं कर्ज असतं. मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत पाळी करतो, त्याच्या दुचाकीचा हप्ता असतो आणि खिशात क्रेडिट कार्डही असतं. वडिलांच्या नावावर गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज असतं. प्रत्येकाची तारीख वेगळी, व्याज वेगळं आणि तगाद्याची तऱ्हाही वेगळी. महिन्याअखेर सगळे हप्ते भरून दोन-अडीच हजार उरले, तर ते कोणत्या कर्जात घालायचे?

याला दोन ठरलेली उत्तरं आहेत. ज्या कर्जाचा व्याजदर सर्वांत जास्त ते आधी, हे पहिलं. त्याला ‘डेट अ‍ॅव्हलांच’ म्हणतात. व्याजाकडे न बघता सर्वांत लहान रक्कम आधी संपवायची, हे दुसरं. ते ‘डेट स्नोबॉल’. डेव्ह रॅमसे या अमेरिकी सल्लागाराने ते घरोघरी पोहोचवलं. दोन्हींत बाकीच्या कर्जांचे किमान हप्ते चालूच राहतात आणि एक कर्ज संपलं की त्याचा सुटलेला हप्ता पुढच्या कर्जाला जोडला जातो. या शेवटच्या अटीकडे पुढे पुन्हा यावं लागेल, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पिरंगुटच्या आसपासचं एक कल्पित घर घेऊन हिशेब करून पाहू. बचत गटाचे १५,००० रुपये, दरमहा शेकडा एक. दुचाकीचे ४५,०००, दरमहा दीड टक्का. क्रेडिट कार्डाचे ८०,०००, दरमहा साडेतीन टक्के. एकूण देणं १ लाख ४० हजार. किमान हप्ते अनुक्रमे १,०००, २,५०० आणि ४,०००. घर कर्जफेडीसाठी महिन्याला १०,००० काढतं, म्हणजे वरचे २,५०० मोकळे. (कार्डाचा किमान हप्ता प्रत्यक्षात बाकीबरोबर कमी होत जातो आणि कार्डाच्या व्याजावर जीएसटीही लागतो. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून हप्ता स्थिर धरला आहे आणि कर सोडला आहे.)

महाग कर्ज आधी धरलं, तर वरचे २,५०० कार्डात जातात. सगळं देणं अठराव्या महिन्यात संपतं आणि एकूण व्याज साधारण ३५,४०० रुपये होतं. लहान कर्ज आधी धरलं, तर बचत गट पाचव्या महिन्यात मोकळा होतो, दुचाकी अकराव्यात आणि कार्ड एकोणिसाव्यात. व्याज साधारण ४३,१०० रुपये. फरक ७,७०० रुपयांचा आणि एका महिन्याचा. गणिताचा निकाल स्पष्ट आहे.

पण याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या पद्धतीत सोळा महिने एकही खातं बंद होत नाही. सतराव्या महिन्यात कार्ड आणि बचत गट एकदमच संपतात. तोवर घरातल्या माणसाला जे दिसतं ते असं: दर महिन्याला तेच तीन हप्ते, गटाच्या बैठकीत तेच नाव, फोनवर त्याच तीन आठवणी. दुसऱ्या पद्धतीत पाचव्या महिन्यातच एक वही बंद होते.

या दिसण्याला किती किंमत द्यायची, यावर गेल्या पंधरा वर्षांत बरंच काम झालं आहे. मोटी अमर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक खेळ रचला. त्यात लोकांना वेगवेगळ्या रकमेची आणि व्याजाची कर्जं दिली, आणि शेवटी कमी देणं राहील त्याला जास्त मोबदला ठेवला. तरीही लोक व्याज सोडून लहान खाती बंद करण्याच्या मागे लागले. पुढच्याच वर्षी डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी कर्ज तडजोड करून देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या सुमारे सहा हजार ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. एकूण देण्यापैकी किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती बंद झाली, यावरून माणूस शेवटपर्यंत पोहोचेल की नाही याचा अंदाज चांगला बांधता येत होता. इथे जरा जपून राहायला हवं. जी माणसं मुळातच चिवट, तीच भराभर खाती बंद करत असतील आणि तीच शेवटपर्यंत टिकत असतील, हेही शक्य आहे. अशा नोंदींतून कारण आणि परिणाम पूर्ण वेगळे काढता येत नाहीत.

मला त्याहून बोलकी वाटते ती सिंगापूरची पाहणी, २०१९ सालची. तिथे एका सेवाभावी योजनेतून गरीब कुटुंबांची काही कर्जं एकदम फेडली गेली. चियान ऑंग आणि सहकाऱ्यांनी त्यांची आधी आणि नंतर तपासणी केली. जास्त खाती मोकळी झालेल्या माणसांची चिंता अधिक उतरली, आणि लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचण्यांतही ती सुधारली. फेडलेली रक्कम तेवढीच असली, तरी खात्यांची संख्या घटली तर फायदा जास्त. म्हणजे प्रत्येक थकलेलं खातं डोक्यातली थोडी जागा अडवून बसतं, मग ते पाच हजारांचं का असेना. स्नोबॉलवाले ‘हुरूप येतो’ म्हणतात. त्यापेक्षा हे कारण मला भक्कम वाटतं.

तर मग स्नोबॉल घ्यावा? त्याआधी अर्ध्यावर सोडलं तर काय होतं ते पाहू. सल्ला देणारे बहुधा असं सांगतात की शिस्त कमी असेल तर लहान कर्जापासून सुरुवात करा. आपल्या घराचा हिशेब याच्या उलट बोलतो.

समजा, पाच महिन्यांनी वरचे पैसे भरणं थांबलं. लग्न आलं, आजारपण आलं, किंवा नुसता कंटाळा आला. पुढे फक्त किमान हप्ते चालू राहिले आणि एखादं कर्ज संपलं की त्याचा हप्ता घरखर्चात विरला. महाग कर्ज आधी धरलेलं असेल, तर पाच महिन्यांत कार्ड ८० हजारांवरून ६० हजारांवर आलेलं असतं. ते सत्ताविसाव्या महिन्यात संपतं आणि तिन्ही कर्जांचं मिळून व्याज साधारण ४८,६०० होतं. लहान कर्ज आधी धरलेलं असेल, तर पाचव्या महिन्यात बचत गट संपलेला असतो, पण कार्डाची बाकी अजून ७४ हजारांच्या जवळ असते. ते कार्ड किमान हप्त्यावर पस्तिसाव्या महिन्यापर्यंत चालतं आणि एकूण व्याज ६७,७०० च्या आसपास जातं. शेवटपर्यंत नेलं तर दोन पद्धतींतला फरक ७,७०० रुपयांचा होता. अर्ध्यावर सोडलं की तो १९ हजारांवर जातो.

कारण साधं आहे. स्नोबॉल अवघड काम शेवटाला ठेवतो. त्याचा सगळा फायदा सुटलेला हप्ता पुढे ढकलत राहण्यात आहे. आणि तो हप्ता सुटतो नेमका अशा क्षणी, जेव्हा माणसाला हात सैल सोडावासा वाटतो. गटाचे साडेतीन हजार मोकळे झाले की ते ‘आपले’ वाटू लागतात. अ‍ॅव्हलांचची कसोटी वेगळी: काहीच संपत नसताना भरत राहायचं. पण भरलेला प्रत्येक रुपया त्याच दिवसापासून साडेतीन टक्के वाचवत असतो, नंतर सोडून दिलं तरी. एकीला वाट पाहण्याचा धीर लागतो, दुसरीला सुटका झाल्यावरचा आवर.

अ‍ॅव्हलांचला खरा धोका थांबण्याचा नाही, कार्ड पुन्हा वापरण्याचा आहे. कार्डात जेवढे भरू तेवढी मर्यादा पुन्हा मोकळी होते. वीस हजार भरून अठरा हजारांचा मोबाइल घेतला, की पाच महिने पाण्यात. म्हणून ही पद्धत घेणाऱ्याने कार्डाची मर्यादा बँकेला सांगून कमी करून घ्यावी. वाचायला किरकोळ वाटतं, पण नसलेल्या बंद खात्याची जागा हीच गोष्ट काही अंशी भरून काढते.

व्याजदर जवळजवळ असतील तर हा सगळा वाद फोल आहे. वरच्या उदाहरणात कार्डाऐवजी तेवढंच कर्ज दीड टक्क्याने असतं, तर दोन पद्धतींत जेमतेम पाचशे रुपयांचा फरक पडला असता. तेवढ्यासाठी मनाची शांती सोडू नये, लहान खातं खुशाल आधी बंद करावं. मात्र दुसऱ्या बाजूला कार्ड असेल, किंवा शेकडा पाचाने घेतलेले खासगी पैसे असतील, तर तिथे शांतीचं मोल फार पडतं.

प्रत्यक्षात बहुतेक लोक या दोन्हींपैकी काहीच करत नाहीत. जॉन गॅदरगुड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या कार्डधारकांच्या नोंदी तपासल्या (२०१९), तेव्हा लोक बाकीच्या प्रमाणात पैसे वाटत असल्याचं दिसलं: मोठ्या बाकीवर थोडे जास्त, लहान बाकीवर थोडे कमी. असं केलं की व्याजही वाचत नाही आणि खातंही बंद होत नाही.

महाग कर्ज ओळखण्यात एक फसगत ठरलेली असते. दुचाकीच्या दुकानात ‘दहा टक्के’ सांगतात ते बरेचदा फ्लॅट असतात. ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले, तर दर वर्षी सहा हजार याप्रमाणे १८,००० व्याज धरून छत्तीस हप्ते पाडतात. हप्ता २,१६७ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवरच लागत राहतं. घटत्या बाकीवर मोजलं तर हाच दर साधारण १८ टक्के भरतो, म्हणजे आपण वर धरलेला दरमहा दीड टक्का. उलट बचत गटातलं ‘शेकडा एक’ घटत्या बाकीवर असेल, तर ते खरोखर वर्षाला १२ टक्केच असतं. कानाला दहा टक्के कमी वाटले, तरी दुचाकी गटापेक्षा महाग आहे. आणखी एक: स्थिर दराचं वाहनकर्ज मुदतीआधी बंद करताना शुल्क लागू शकतं. ते आधी विचारून हिशेबात धरावं, नाहीतर वाचलेलं व्याज तिथेच जातं.

आता वडिलांचं पीककर्ज. मुळशीत भातासाठी ते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून गावच्या सोसायटीमार्फत येतं. राज्य सरकारच्या व्याज सवलतीमुळे २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. दोन्ही पद्धतींना विचारलं तर दोघी ते शेवटी ढकलतील: एक म्हणेल व्याज नाही, दुसरी म्हणेल रक्कम मोठी आहे. दोघींचा सल्ला इथे चुकतो, कारण शून्य टक्के मार्चअखेरपर्यंतच. ती तारीख हुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं आणि पुढच्या खरिपाचं कर्ज अडतं. म्हणूनच मार्चमध्ये गावोगाव चार-आठ दिवसांसाठी उसने पैसे घेऊन सोसायटीत भरण्याची आणि नवं कर्ज मिळताच ते परत करण्याची धावपळ चालते. लोक त्याला नवं-जुनं करणं म्हणतात. ते उसने जर शेकडा पाचाने घेतले असतील, तर बिनव्याजी कर्जाला मागच्या दाराने व्याज लागलेलंच असतं.

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत इंद्रायणी विकून आलेली रक्कम दिसली की ती लगेच कार्डात भरण्याआधी दोन भाग करावे लागतात. सोसायटीला मार्चमध्ये लागणारे बाजूला, बचत खात्यात, मग तिथे व्याज कमी का मिळेना. उरलेले कार्डात. किती बाजूला ठेवायचे हे सोसायटीच्या सचिवाकडून बाकीचा आकडा लिहून घेऊनच ठरवावं. पीककर्जाचा विमा हप्ता त्यात धरलेला असू शकतो आणि तोंडी आकडा दोन-तीन हजारांनी चुकतो.