नेत्रतपासणीचा दिवस आणि पालकांची संमती

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्यतपासणी व्हावी, असे त्यात ठरले. दृष्टिदोषही त्या तपासणीत पाहिला जातो. निवासी शाळेत या दिवसाची सूचना पालकांना कशी द्यावी, हे आम्ही येथे मांडीत आहोत. कारण येथील मुलाचे डोळे घरच्यांच्या नजरेआड असतात.

एक डोळा अधू आणि दुसरा चांगला असेल, तर मूल तक्रार करीत नाही; चांगल्या डोळ्यावर त्याचे काम भागते. म्हणून तपासणीत एकेक डोळा तळहाताने झाकतात. बोटांनी झाकल्यास फटीतून दिसते आणि दोष लपून राहतो. मूल तक्त्यापासून 6 मीटरवर उभे राहते. 6/9 ची ओळ कोणत्याही डोळ्याने वाचता आली नाही, तर त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. चष्मा असणाऱ्याने तो लावूनच वाचावे.

वेळापत्रक याच हिशेबाने आखतात. एका मुलास सुमारे तीन मिनिटे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गासाठी दोन तक्ते लावले, तर एक तास पुरतो. म्हणून पाचवी 8 ते 9, सहावी 9 ते 10, सातवी 10 ते 11. विश्रांतीनंतर आठवी 11.30 ते 12.30, भोजनानंतर नववी 1.30 ते 2.30 आणि दहावी 2.30 ते 3.30. पुढचा वर्ग बाहेरच थांबतो. नाहीतर मुले अक्षरे ऐकून पाठ करतात.

संमतिपत्रात दोन परवानग्या स्वतंत्र असाव्यात. पहिली तक्ता वाचून घेण्याची. दुसरी, नेत्रतज्ज्ञास आवश्यक वाटल्यास बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याची. या थेंबांनंतर काही तास, कधी एक-दोन दिवसही, जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी थेंब घालू नयेत.

खालच्या रकान्यांत घरालाच ठाऊक असलेली माहिती हवी: पूर्वीचा चष्मा, डोळ्याची इजा, औषधाची ॲलर्जी, घरात कोणास तिरळेपणा आहे का, आणि दिवसा लागणारा दूरध्वनी. पत्र पंधरा दिवस आधी, शक्यतो पालकभेटीच्या रविवारी द्यावे. ज्या पालकांचा अंगठा घ्यायचा, त्यांना ते प्रथम वाचून दाखवावे. नकार दिल्यास मुलाची तपासणी करू नये व त्यास वेगळी वागणूकही देऊ नये.

ही प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे. दूरचा तक्ता नीट वाचणाऱ्या मुलासही जवळचे वाचताना त्रास असू शकतो. म्हणून निकालाची चिठ्ठी समाधानकारक आली, तरी डोके दुखणे किंवा पुस्तक फार जवळ धरणे दिसल्यास पालकांनी आम्हास अवश्य कळवावे.