कुर्ता उंचीलाच का आटतो?

सुती कुर्ता धुतल्यावर आटला की वॉशिंग मशीनच्या नावाने खडे फोडले जातात. पण नीट बघितलं तर एक गंमत लक्षात येते. कुर्ता छातीत जवळजवळ पूर्वीसारखाच बसतो, खांदेही जागच्या जागी असतात, कमी झालेली असते ती उंची. बाह्या मनगटाच्या वर सरकतात आणि सुती पँट असेल तर घोटा उघडा पडतो. मशीन तर कपडा सगळ्या बाजूंनी सारखाच घुसळतं, मग उभ्या अंगानेच कापड का आटावं? त्याचं उत्तर मागावर आहे.

कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर ताणून बसवलेले असतात. आडवा धागा, म्हणजे बाणा, त्यांच्यातून वरखाली जातो. ताणा सैल पडला तर विणकाम चालायचंच नाही, म्हणून तो घट्ट ओढलेला हवा. त्यात ते धागे तुटू नयेत म्हणून विणण्यापूर्वी त्यांना खळ दिलेली असते. पुढे प्रोसेस हाउसमध्ये धुणं, रंगवणं, वाळवणं होतं, तेव्हाही शेकडो मीटर कापड एका टोकाला धरून पुढे ओढतच नेतात. म्हणजे दुकानात आपल्यासमोर उलगडलेलं कोरं कापड हे मुळात उभ्या दिशेने ताणलेलं कापड असतं. खळ आणि इस्त्री यांमुळे तो ताण तसाच धरून राहतो. आणि शिंपी कुर्त्याची उंची, बाही, पँटचा पाय हे सगळं ताण्याच्याच दिशेने बेततो.

मग कापड पाण्यात जातं. सुताचा तंतू पाणी पितो आणि फुगतो, पण विचित्र पद्धतीने: जाडीत साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो आणि लांबीत जेमतेम टक्काभर. आता बाण्याचा धागा जाड झाला की त्याला वळसा घालून जाणाऱ्या ताण्याला जास्त लांबीची गरज पडते. पातळ वहीला बांधलेला दोरा जाडजूड पुस्तकाला पुरत नाही, तसंच हे. जास्तीची लांबी आणायची कुठून? मग धागे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि कापड आखूड होतं. धागा स्वतः फारसा आटलेला नसतो. त्याची वळणं वाढलेली असतात. वाळल्यावर तंतूची फूग उतरते, पण धागे सरकलेल्या जागीच अडकून बसतात.

मशीनचा दोष आहे तो इथे, आणि तो थोडा निराळा आहे. बादलीत भिजवलेल्या कापडातला ताणही सुटतो, पण सगळा नाही, कारण धाग्यांना एकमेकांवरून सरकायला घर्षण आडवं येतं. मशीनमध्ये आपटणं, वळणं आणि साबणाचा ओलावा मिळून ती अडचण दूर करतात. पाणी गरम असेल तर काम आणखी सोपं होतं. बऱ्याच फ्रंट लोड मशीनमध्ये ‘कॉटन’ हा प्रोग्राम लावला की पाणी आपोआप ४० किंवा ६० अंशांपर्यंत तापतं, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. सुती कपडा म्हणून ‘कॉटन’, असा सरळ हिशेब माणूस करतो. तो प्रोग्राम चादरी-टॉवेलांना ठीक आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे गरम हवेचा ड्रायर. ओला कपडा वाळत असतानाच सतत आपटला जातो आणि धागे जितके जवळ येऊ शकतात तितके येतात. पुण्यात वर्षभर दोरीवर वाळलेला कुर्ता अमेरिकेतल्या मुलाकडे गेल्यावर एका आठवड्यात आखूड होतो, त्याचं कारण तिथलं पाणी नव्हे, तिथला ड्रायर. आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबालाही ड्रायरच म्हणतात, पण त्यात गरम हवा नसते, नुसतं पाणी पिळलं जातं. त्याने सुरकुत्या पडतात, एवढंच.

यावर गिरण्यांनी तोडगा काढलेला आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी ओलसर कापड जाड पट्ट्यावर दाबून उभ्या दिशेने आधीच आखडवायची पद्धत बसवली. त्यावरून ‘सॅन्फराइज्ड’ हा शब्द आला. आपल्याकडच्या गिरणीच्या कापडावरही तो छाप असे. असं कापड नंतर टक्काभरच आटतं. खादी, हातमाग आणि स्वस्त यंत्रमागाचं कापड सहसा या यंत्रातून गेलेलं नसतं. तिथे हे काम घरी करावं लागतं.

जुन्या बायका कापड पाण्यातून काढून मगच शिवायला टाकत, ते बरोबरच होतं. फक्त आता त्यात एक भर हवी: कपडा पुढे ज्या पद्धतीने धुणार, त्याच पद्धतीने कापड आधी धुवायचं. मशीनमध्ये धुणार असाल तर नुसतं भिजवून भागत नाही.

समजा कुर्त्यासाठी खादी घेतली, लांबी २५० सेंटिमीटर, पन्हा ३६ इंच. कापल्या कडेला कच्ची टीप घालावी, नाहीतर मशीनमधून धाग्यांचा गुंता बाहेर येतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सकाळी नेहमीच्या प्रोग्रामवर धुवावं, सावलीत वाळवावं आणि किंचित ओलसर असताना, न ओढता, इस्त्री करून मगच मोजावं. चुरगळलेलं कापड मोजलं तर सुरकुत्याही आटण्याच्या खात्यात जमा होतात. लांबी २३८ भरली तर जवळजवळ ५ टक्के कापड आटलं. न धुता शिवला असता तर ४२ इंचांचा कुर्ता ४० इंचांवर आला असता आणि २४ इंचांची बाही सव्वा इंचाने वर गेली असती. पन्हा मात्र अर्धा इंचच कमी झालेला दिसेल. म्हणून असं कापड घेताना २० ते २५ सेंटिमीटर जास्त घ्यावं. बहुतेक आटणं पहिल्या धुण्यात उरकतं, तरी पुढच्या तीन-चार धुण्यांत थोडं थोडं चालू राहतं. जाड विणीचं कापड असेल तर मी दोनदा धुवून मगच शिंप्याकडे देईन.

अस्तर विसरू नये. वरचं कापड धुतलेलं आणि आतलं कोरं, असं झालं की अस्तर आटून वरच्या कापडाला घड्या पाडतं. शिवणीजवळ चुण्या दिसल्या तर तिथेही असंच काहीतरी झालेलं असतं: कापड आटलं, पॉलिस्टरचा दोरा आटला नाही.

तयार कपड्याला आधी धुण्याची सोय नसते. तिथे थंड पाणी किंवा ३० अंश, ‘जेंटल’ किंवा ‘डेलिकेट’, कमी वेगाचं पिळणं आणि दोरीवर वाळवणं, एवढं सांभाळलं तरी उरलेलं आटणं हळूहळू होतं, एकदम अंगावर येत नाही. स्ट्रेच पँटचं गणित वेगळं. त्यातला लवचीक धागा बहुधा आडवा असतो, त्यामुळे गरम पाण्याने ती कमरेला आवळते.

आटलेला कुर्ता ओलसर असताना हाताने खाली ओढत वाफेची इस्त्री केली तर इंचभर परत मिळतो, पण पुढच्या धुण्यात तो पुन्हा जातो. टिकाऊ उपाय दुमडीतच आहे. शिवायला टाकतानाच कुर्त्याच्या घेराला आणि पँटच्या पायाला दोन इंच दुमड सोडायला सांगावी, पँटच्या मागच्या शिवणीत थोडा दाब ठेवायला सांगावा. दुमड सोडायची वेळ आली तर लवकर सोडावी. गडद रंगाच्या कापडात जुन्या घडीची फिकट रेघ उमटते आणि मग तिच्यावर पट्टी लावण्यावाचून इलाज राहत नाही.