स्वतःचाच जोडीदार

४५ ला ४५ नं गुणलं की २०२५ येतात. म्हणजे २०२५ हे अख्खं सालच पूर्ण वर्ग होतं. याआधीचं असं साल १९३६, चव्वेचाळीसचा वर्ग. पुढचं थेट २११६. मदुराईत जन्मलेले इंग्रज गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आपलं वय कोड्यात सांगत: ज्या साली माझं वय ‘क्ष’ होतं, ते साल ‘क्ष’चा वर्ग होतं. त्यांचा जन्म १८०६ चा, आणि १८४९ म्हणजे त्रेचाळीसचा वर्ग. २०२५ मध्ये हेच कोडं १९८० साली जन्मलेल्या कुणालाही घालता आलं असतं.

पण या सालाची आणखी एक खासियत आहे. २०२५ ला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या, म्हणजे त्याचे विभाजक, मोजले तर ते पंधरा भरतात. विषम. शेजारच्या २०२४ चे सोळा, २०२६ चे चार. एकपासून पुढे कितीही संख्या तपासा, विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त १, ४, ९, १६, २५ अशा पूर्ण वर्गांची. बाकी सगळ्यांची सम.

हे का, ते विभाजक कसे लिहायचे यावर अवलंबून आहे. शाळेत आपण ते चढत्या क्रमानं एका ओळीत लिहायला शिकतो: २०२४ चे १, २, ४, ८, ११, २२, २३, ४४, ४६ आणि पुढे. त्या ओळीत काही दिसत नाही. तेच गुणाकाराच्या जोड्यांत मांडले, की १ × २०२४, २ × १०१२, ४ × ५०६, ८ × २५३, ११ × १८४, २२ × ९२, २३ × ८८ आणि शेवटी ४४ × ४६. आठ जोड्या, सोळा विभाजक.

या जोड्या भरवशाच्या आहेत. ८ नं २०२४ ला भाग गेला की भागाकार २५३ येतो; आणि ८ × २५३ = २०२४ असल्यामुळे २५३ हाही विभाजक असलाच पाहिजे. उलट २५३ नं भागलं तर पुन्हा ८ च येतात. म्हणजे जोडीदाराचा जोडीदार पुन्हा मूळचाच. कोणाला दोन जोडीदार नाहीत, कोणी जोडीदाराविना राहत नाही. सगळे दोन-दोनच्या जोडीत बसले, तर एकूण संख्या सम येणारच.

मग विषम कधी येईल? एखादा विभाजक स्वतःचाच जोडीदार निघाला तरच. आता २०२५ च्या जोड्या पाहा: १ × २०२५, ३ × ६७५, ५ × ४०५, ९ × २२५, १५ × १३५, २५ × ८१, २७ × ७५. सात जोड्यांचे चौदा झाले. उरला ४५. त्याला जोडीदार म्हणून पुन्हा ४५ च मिळतो, आणि यादीत तो एकदाच मोजायचा. चौदा अधिक एक, पंधरा. २०२४ मध्ये ४४ आणि ४६ एकमेकांच्या इतके जवळ आले, तरी ते दोन वेगळे विभाजकच राहिले.

विभाजक स्वतःचाच जोडीदार असणं म्हणजे त्याला त्यानंच गुणल्यावर मूळची संख्या येणं. हीच तर पूर्ण वर्गाची व्याख्या. म्हणून युक्तिवाद दोन्ही दिशांनी चालतो: संख्या पूर्ण वर्ग असेल तर असा विभाजक आहे, आणि नसेल तर नाहीच. शिवाय असा विभाजक एकाहून जास्त असू शकत नाही, कारण वेगवेगळ्या धन संख्यांचे वर्ग वेगवेगळे असतात. ‘धन’ हा शब्द मात्र सोडायचा नाही. ऋण विभाजकही धरले, तर ४५ सोबत −४५ येतो, प्रत्येक विभाजकाला असा ऋण सोबती मिळतो आणि कुठल्याही संख्येचे विभाजक समच भरतात.

विभाजक मोजताना नेमकी चूक होते ती इथेच. जोडीतला लहान विभाजक वर्गमुळाच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून २०२५ साठी ४५ पर्यंतच तपासावं लागतं आणि प्रत्येक यशाला दोन मोजले की काम होतं. संगणकाचे प्रोग्रॅमही असेच लिहितात. पण ४५ पाशी दोन मोजले की उत्तर सोळा येतं. इतर संख्यांना उत्तर बरोबर येत असल्यानं चूक लवकर ध्यानात येत नाही. ती पकडायची तर ३६ देऊन पाहावं: उत्तर नऊ यायला हवं, दहा आलं तर ६ दोनदा मोजला गेलाय.

जोड्यांमधून सम-विषम कळतं, पण नेमके पंधराच का, ते कळत नाही. त्यासाठी संख्या मूळ अवयवांत फोडायची. २०२५ म्हणजे चार ३ आणि दोन ५ यांचा गुणाकार. विभाजक बनवताना त्यातले ३ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन, तीन किंवा चार: पाच पर्याय. ५ किती घ्यायचे? तीन पर्याय. पाच त्रिक पंधरा. पर्याय नेहमी उपलब्ध अवयवांपेक्षा एकानं जास्त असतात. गुणाकार विषम यायचा तर प्रत्येक ठिकाणचे पर्याय विषम हवेत, म्हणजे प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला हवा. तसा असेल तर त्यांची दोन सारख्या गटांत वाटणी होते, आणि एका गटाचा गुणाकार हेच वर्गमूळ. २०२४ मध्ये २ तीनदा आणि ११ व २३ एकेकदाच येतात; दोन सारखे गट पडतच नाहीत.

याच गोष्टीवर एक जुनं कोडं आहे. शंभर बंद दिवे, शंभर माणसं. पहिला माणूस प्रत्येक दिव्याचं बटण दाबतो, दुसरा दर दुसऱ्या दिव्याचं, तिसरा दर तिसऱ्याचं, असं शंभराव्यापर्यंत. शेवटी कोणते दिवे चालू? बाराव्या दिव्याचं बटण बाराच्या विभाजकांनी, म्हणजे १, २, ३, ४, ६ आणि १२ या क्रमांकांच्या माणसांनी दाबलं. सहा वेळा, म्हणून तो बंद. सोळाव्याचं १, २, ४, ८ आणि १६ नं दाबलं, पाच वेळा, म्हणून चालू. चालू राहतात ते पूर्ण वर्गांचे दहा दिवे.

हे उत्तर अनेकांना पाठ असतं. त्यामुळे मला कोडं थोडं बिघडवून विचारायला आवडतं: विषम क्रमांकाची माणसं आलीच नाहीत तर? मग फक्त सम विभाजकच मोजायचे. विषम दिव्यांना कोणी हात लावत नाही, ते बंदच. सम दिव्याचा प्रत्येक सम विभाजक म्हणजे त्या क्रमांकाच्या निमपटीच्या एखाद्या विभाजकाची दुप्पट. तेव्हा दिवा चालू राहायला निमपट पूर्ण वर्ग हवी: २, ८, १८, ३२, ५०, ७२, ९८. सात दिवे. आणि सम क्रमांकवाले आले नाहीत तर? आता मोजायचे फक्त विषम विभाजक. संख्येतले सगळे २ काढून टाकल्यावर जे उरतं, त्याचेच हे विभाजक. म्हणून उरलेला भाग पूर्ण वर्ग असला की दिवा चालू. असे दिवे म्हणजे पहिले दहा पूर्ण वर्ग आणि आत्ताचेच हे सात, एकूण सतरा. निम्मी माणसं घरी राहिली आणि चालू दिवे वाढले.