फोटो उघडत नाही, नोटीस कशी कळवायची? लोहारदाचा कागद कोल्हापुरात वाचताना

लोहारदा (जि. देवास) : धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. त्या काळापासून माळव्यात राहिलेल्या मराठी घरांची शेती आजही इकडे आहे, पण मुले पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशी पांगली आहेत. घरात तहसीलची नोटीस किंवा विजेचे बिल आले की पहिला उपाय ठरलेला असतो, फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यायचा. बहुतेक वेळा काम होऊन जाते.

घोळ होतो तो फोटो उघडत नाही तेव्हा. ज्याला पाठवला त्याने वेळेत डाउनलोड केला नाही, की काही दिवसांनी तो फोटो मिळत नाही आणि पुन्हा पाठवायला सांगा असा निरोप दिसतो. ‘एकदाच पहा’ असा पाठवलेला फोटो एकदा उघडून बंद केला की गेला. चौदा दिवसांत उघडलाच नाही तरीही जातो. मूळ कागद आणि कॅमेऱ्याचा फोन दोन्ही समोर असतील तर टायपिंगच्या भानगडीत पडूच नये, सरळ दुसरा फोटो काढावा. पण फोटो काढणारा पोरगा इंदूरला निघून गेला, घरात बटणाचा फोन उरला किंवा नेटच लागत नाही, अशा वेळी कागदातला मजकूर एसएमएसने पाठवावा लागतो. काय पाठवायचे आणि कसे, इथेच गाडी अडते.

एक उदाहरण घेऊ. माणसे आणि आकडे नमुन्यादाखल आहेत, पण चुका रोज दिसणाऱ्या आहेत. काका लोहारद्यात, पुतण्या कोल्हापुरात. जुलै २०२५ मध्ये काकांकडे तहसीलची नोटीस आली. शेजारच्या पोराने काढलेला फोटो पुतण्याकडे उघडला नाही. काकांचा चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी आठवेल तसे तोंडी सांगितले, तारीख तेवढी पोराने कागदावरून वाचली आणि एसएमएस गेला :

“तहसीलची नोटीस आली आहे. गट नं. 2122. फेरफारचं आहे. 9 तारखेला बोलावलंय. लवकर बघ बाळा.”

वाचायला सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात या निरोपात तीन चुका आहेत आणि त्यातली एक जमिनीवर बेतणारी आहे.

पहिली चूक भाषांतराची. मध्य प्रदेशात गट नंबर नसतो, खसरा असतो. फेरफाराला तिथे नामांतरण म्हणतात, मोजणीला सीमांकन, वाटपाला बटवारा, तलाठ्याला पटवारी. आपण मराठी माणसे बोलताना हे शब्द आपोआप आपल्याकडचे करून टाकतो. घरात बोलायला हरकत नाही. पण कागद टाइप करताना जो शब्द छापला आहे तोच टाइप करायचा, मग तो हिंदी असो की कन्नड. अर्थ लावायचे काम वाचणाऱ्याचे. उलट बाजूनेही हेच लागू आहे. सांगलीहून देवासला सातबाऱ्याची माहिती पाठवणाऱ्याने गट नंबरचा खसरा करू नये.

दुसरी चूक रेघेची. काका म्हणाले, “दोनशे बारा बटे दोन.” पोराने लिहिले 2122. कागदावर होते 212/2. जमिनीची वाटणी झाली की खसऱ्याला बटा पडतो, पुन्हा वाटणी झाली की 212/2/1 असे दोन बटे. म्हणजे ती तिरपी रेघ हा आकड्याचाच भाग आहे. ती गळली तर नंबर भलत्याच शेताचा होतो किंवा असा नंबर गावातच नसतो. बटणाच्या फोनवर ही रेघ सापडत नसेल तर ‘212 बटा 2’ असे अक्षरात लिहावे, जागा सोडून किंवा आडवी रेघ मारून नाही.

तिसरी चूक सगळ्यात महाग. नोटिशीचा नमुना छापील असतो, पण पेशीची तारीख अनेकदा हाताने भरलेली असते आणि कारकून देवनागरी आकडे लिहितो. देवनागरीतला १ घाईत लिहिला की इंग्रजी 9 सारखा दिसतो. ४ हा 8 सारखा दिसतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोराने १ चा 9 वाचला, यात त्याचा काय दोष? पण पेशी १ ऑगस्टला होती आणि पुतण्या ९ तारखेच्या हिशेबाने रजा टाकून बसला असता. पेशीला कोणी हजर झाले नाही तर तहसीलदार एकपक्षीय कारवाई करू शकतात, म्हणजे दुसऱ्याचे ऐकून निकाल.

ही चूक कागद न बघताही पकडता येते. पुतण्याने कॅलेंडर उघडले. ९ ऑगस्ट २०२५ ला शनिवार, तोही महिन्यातला दुसरा, वर राखी पौर्णिमा. त्या दिवशी तहसीलचे न्यायालय कशाला बसेल? त्याने लगेच फोन केला, “काका, तारखेखालचा आकडा हाताने लिहिलाय की छापलाय?” चष्मा तोवर सापडला होता. काकांनी बघितले आणि म्हणाले, “अरे, हा तर मराठी एक आहे!” १ ऑगस्टला शुक्रवार होता.

मग काकांनी कागद समोर ठेवून, वरून खाली, जसे आहे तसे पुन्हा लिहवून घेतले :

न्यायालय तहसीलदार (तहसीलचे नाव छापले तसे)
प्रकरण क्रमांक 0057/अ-6/2024-25
आवेदक (नाव), अनावेदक (काकांचे नाव)
ग्राम लोहारदा, खसरा 212/2, रकबा 0.405 हे.
जारी 18/07/2025
पेशी 1 ऑगस्ट 2025, 11 बजे (तारीख हाताने)
पटवारी हलका ?7 (पहिला आकडा पुसट)
शेवटचे वाक्य : नियत दिनांक को उपस्थित न होने पर एकपक्षीय कार्यवाही की जाएगी।
मोहर आहे, सही आहे.

यातली प्रकरण क्रमांकाची ओळ नीट बघण्यासारखी आहे. तिचे तीन भाग असतात : नोंदीचा क्रम, मद आणि वर्ष. मधला भाग प्रकरण कशाचे आहे ते सांगतो. अ-6 म्हणजे नामांतरण, अ-12 सीमांकन, अ-27 बटवारा. नोटिशीतला बाकी मजकूर पुसट असला तरी या एका तुकड्यावरून वकिलाला अंदाज येतो. सुरुवातीची शून्येही तशीच टाइप करावीत आणि वर्ष गाळू नये, कारण 57 नंबरचे प्रकरण दर वर्षी असते.

न वाचता आलेल्या आकड्याच्या जागी काकांनी ‘?’ लिहिले, हेही बरोबर. अंदाजाने भरलेला आकडा आणि वाचलेला आकडा एसएमएसमध्ये एकसारखेच दिसतात. एका आकड्याला एक प्रश्नचिन्ह दिले की किती आकडे आहेत ते तरी कळते. कागदावर जागा रिकामी सोडलेली असेल तर ‘रिकामे’ असे लिहावे. तारखेत महिना अक्षरात लिहिला की 1/8 आणि 8/1 चा वाद मिटतो.

आता टाइप केलेले खरे की नाही हे तपासायचे कसे? हिशेबाची वही ठेवणाऱ्यांना जमा-खर्चाचा ताळा माहीत असतो, तसाच ताळा इथे लागतो. एक आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळवायचा. पुतण्याने mpbhulekh.gov.in वर जिल्हा, तहसील, गाव आणि खसरा 212/2 टाकला. नाव काकांचे आणि रकबा 0.405 हेक्टर निघाला, म्हणजे खसरा बरोबर टाइप झाला होता. हा रकबा म्हणजे साधारण एक एकर. कोणी चुकून 4.05 लिहिले असते तर ते दहा एकर झाले असते आणि घरच्या माणसाला तिथेच खटकले असते. प्रकरणाचा नंबर त्याने rcms.mp.gov.in वर टाकून बघितला. तिथे दोन्ही पक्षांची नावे जुळली तर नंबरही बरोबर आणि नोटीसही खरी.

विजेच्या बिलाला हाच ताळा आणखी सोपा पडतो. देवास जिल्ह्यात वीज पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची, मुख्यालय इंदूर. तिच्या बिलावर IVRS नंबर असतो, N हे अक्षर आणि पुढे दहा आकडे. टाइप केल्यावर मोजायचे, नऊ किंवा अकरा भरले तर चूक तिथेच दिसते. पुढे मागचे रिडिंग, चालू रिडिंग आणि युनिट हे तिन्ही आकडे मागवावेत, नुसते युनिट नाही. मागचे 4812, चालू 4967, तर युनिट 155 आले पाहिजेत. कोणी 4967 च्या जागी 4697 लिहिले तर वजाबाकीच उलटी येते. रकमेसोबत थकबाकी वेगळी लिहावी आणि मुदतीच्या आतली रक्कम कोणती, नंतरची कोणती, तेही लिहावे. पैसे भरणाऱ्याने ऑनलाइन IVRS नंबर टाकल्यावर नाव आपले दिसते का ते बघूनच पुढे जावे. आज रात्री वीज कापू असे धमकावणाऱ्या मेसेजमधल्या फोन नंबरवर भरवसा ठेवू नये, चौकशी 1912 वर करावी.

शेवटचा पडताळा फोनवर. इथेही लोक एक गडबड करतात. पाठवणारा आपलाच एसएमएस वाचून दाखवतो आणि मग चूक पुन्हा तशीच वाचली जाते. वाचायचे कागदावरून, एकेक आकडा सुटा, “दोन, एक, दोन, बटा, दोन”, आणि समोरच्याने एसएमएसवर बोट ठेवून ऐकायचे. आधार नंबर आणि बँक खाते यात कुठेही टाइप करायची गरज नसते.

असा टाइप केलेला मजकूर प्रकरण शोधायला, वकिलाशी बोलायला आणि तिकीट काढायला पुरतो. न्यायालयात तो कागद म्हणून चालत नाही. समासात कोणी काय खरडले, सही कोणाची, मोहर कुठल्या कार्यालयाची, हे त्यात उतरत नाही. त्यासाठी मूळ नोटीस जपून ठेवावी आणि ती हरवली असेल तर त्याच प्रकरण क्रमांकावर तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करावा. काकांनी नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि पुतण्याने ३१ जुलैला इंदूरला पोहोचेल अशी गाडी धरली.